फरशीकाम वगळून

इमारत बांधणाऱ्याला एक साधं सुख हवं असतं. काम उभं राहिलं की लोकांनी मान वर करून बघावं. ओळंबेशेठच्या नशिबी तेही नव्हतं. त्यांनी वाचनालयाची दुमजली इमारत बांधली, आणि उद्घाटनाला आलेला प्रत्येक माणूस दारातून आत आला, थबकला आणि खाली बघायला लागला.

"अहाहा, काय फरशी आहे हो!"

ओळंबेशेठ दाराशीच उभे होते. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचा दोरीला लटकवलेला लोखंडी लट्टू, म्हणजे ओळंबा, त्यांच्या खिशात कायम असे. त्याच्या वजनाने पँटचा एक खिसा नेहमी खाली ओढलेला. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत दोन भिंती तपासून व्हायच्या. असा माणूस. त्याने वाचनालयाचे बावीस खांब असे उभे केले होते की एकाही खांबाने ओळंब्याला केसाइतकी जागा दिली नव्हती. स्लॅबच्या पोटाला एक भोक नाही, गिलाव्याला एक तडा नाही. पण खांबाकडे बघून अहाहा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

फरशी केली होती त्यांच्या साडूने. धाकटा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बारा वर्षांनी लहान. ओळंबेशेठच्याच कामांवर घासणीचं मशीन चालवून तो शिकला आणि आता स्वतःची टोळी बाळगून मोझॅकची कामं घ्यायचा. तयार लाद्या बसवणं वेगळं. हा जागेवर सिमेंट आणि संगमरवरी चुरा ओतायचा, पितळी पट्ट्यांनी चौकोन पाडायचा, आठवडाभर पाणी धरायचा आणि मग घासत बसायचा. आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. वाचनालयाच्या दालनात त्याने करड्या रंगात मोतिया चौकोन सोडले होते. वाचायला आलेली पोरं चपला बाहेर काढून आत यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"तुम्हीच का हो ते फरशीवाले?" एका म्हाताऱ्या वाचकाने ओळंबेशेठना विचारलं.

"नाही," ओळंबेशेठ म्हणाले. "मी फक्त इमारत बांधली."

म्हातारा "बरं बरं" म्हणाला आणि फरशीवाल्याला शोधायला निघून गेला.

हेवा हा शब्द छोटा आहे. ओळंबेशेठच्या पोटात जे पडलं होतं, ते चांगलं पोतंभर होतं. आणि गंमत अशी, की साडूचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. पोरगा गुणी होता, दादा दादा करत मागे फिरायचा. त्याला ताप आला असता तर हेच पहिले धावले असते. फक्त त्याचं कौतुक झालं की यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको म्हणायची, "तुमचं त्याच्यावर प्रेम आहे, पण तो आजारी असतानाच जास्त आहे."

बायकोला असलं बोलायचा हक्क होता, कारण धंद्याचे सगळे कागद तीच सांभाळायची. ओळंबेशेठ विटा वाचायचे, ती कागद वाचायची.

उद्घाटनानंतर आठवड्याने साडू जेवायला आला. दोघी बहिणी स्वयंपाकघरात होत्या. साडूने पाण्याचा पेला तीनदा उचलला, तीनदा ठेवला आणि मग म्हणाला, "दादा, एक मागायचं होतं."

"बोल की."

"नवीन दवाखान्याच्या फरशीची निविदा निघालीय. नुसत्या फरशीची. मला स्वतःच्या नावावर भरायचीय. पण ते काम पूर्ण केल्याचा दाखला मागतात. मालकाने दिलेला हवा. माझी सगळी कामं दुसऱ्यांच्या हाताखालची, माझ्या नावाचा दाखलाच नाही एक. वाचनालयाच्या मॅडमकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, करार तुमच्या साडूंशी आहे, तुम्ही उपकंत्राटदार. त्यांनी लेखी दिलं की फरशी तुमची, तरच मी तुम्हाला वेगळा दाखला देईन."

ओळंबेशेठनी भात कालवायला घेतला. द्यायला काय जात होतं? दोन ओळींचं पत्र. पण ते पत्र दिलं की हा साडू उद्या स्वतः ठेकेदार. त्याच्या नावाची पाटी, त्याच्या नावाचं लेटरहेड. आज लोक खाली बघतात, उद्या ह्याच्याकडे वर बघतील.

"बघू," ओळंबेशेठ म्हणाले. "माझाच दाखला अजून हातात नाही. घाई कसली?"

साडू "हो दादा, सावकाश" म्हणाला आणि मान खाली घालून जेवला. घाई होती, ते त्यालाही ठाऊक होतं आणि यांनाही.

ओळंबेशेठना स्वतःलाही दाखला तातडीने हवा होता. शाळेच्या नव्या दुमजली इमारतीची निविदा तोंडावर आली होती. आजवर त्यांनी बैठी घरं, गोदामं, कुंपणाच्या भिंती केल्या. दुमजली काम हे पहिलंच. शाळेच्या अटीत बसेल असा दाखला त्यांना एकच मिळणार होता, वाचनालयाचा. तो मिळाला तर पुढची दहा वर्षं ते मोठ्या कामांच्या रांगेत. नाहीतर पुन्हा कुंपणाच्या भिंती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी ते वाचनालयाच्या इंजिनिअरबाईंसमोर जाऊन बसले.

या मॅडम म्हणजे एक प्रकरण होतं. नाकावर चष्मा, समोर फुटपट्टी, आणि फुटपट्टीने अधोरेखित केल्याशिवाय एक ओळ सोडायच्या नाहीत. वीस वर्षांत त्यांनी दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर दर्जाच्या रकान्यात एकच शब्द असे. समाधानकारक. त्यापेक्षा वाईट काम असेल तर त्या दाखलाच देत नसत, आणि त्यापेक्षा चांगलं काम त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं.

मॅडमनी कच्चा मसुदा पुढे सरकवला. "तपासून घ्या. तारखा नीट बघा."

ओळंबेशेठनी बोट ठेवून वाचलं. कार्यादेशाचा क्रमांक बरोबर. कामाची व्याप्ती: पाया, खांब, दोन मजल्यांचे स्लॅब, वीटकाम, गिलावा, दारे-खिडक्या, फरशी, रंग. सुरू केल्याची तारीख बरोबर. मुदत अठरा महिने. नकाशातील बदलामुळे मंजूर मुदतवाढ दोन महिने. पूर्ण केल्याची तारीख मुदतवाढीच्या अकरा दिवस आधीची. हे वाचून त्यांना बरं वाटलं. मग दर्जाचा रकाना आला.

'काम समाधानकारक. फरशीकाम विशेष उल्लेखनीय.'

त्यांनी पुन्हा वाचलं. वीस वर्षांत या बाईच्या पेनातून पहिल्यांदा दुसरा शब्द बाहेर पडला होता, आणि तोही पडला होता खालीच.

"हे शेवटचं वाक्य काढा," ओळंबेशेठ म्हणाले.

मॅडमनी चष्मा वर केला. "स्तुती आहे ती."

"माझी नाही."

"तुमच्याच दाखल्यावर आहे. करार तुमच्याशी, फरशी तुमच्या करारात. कामगार कुणाचे होते ते दाखल्यात येत नाही. फायदा तुमचाच."

"मला नको तो फायदा. बावीस खांबांना तुमच्याकडे एक विशेषण नाही आणि घासलेल्या जमिनीला आहे?"

"खांब सरळच असायला हवेत, शेठ. सरळ खांबाचं कौतुक करायला लागले तर वाकड्याचं काय करू?" मॅडमनी समोरची फाईल उघडली. "आणि वाक्य मी नुसतं काढू शकत नाही. माझ्या पाहणीच्या टिपणात ते आहे, दाखला टिपणाप्रमाणेच जातो. फरशी तुमची असेल तर वाक्य राहील. तुमची नसेल तर फरशीच व्याप्तीतून जाईल."

"मग जाऊ द्या."

"लेखी द्या. पण विचार करून द्या. दाखल्याला जावक क्रमांक पडला की मी त्यात खोडाखोड करत नाही."

विचार करायला डोकं थंड लागतं. ओळंबेशेठच्या डोक्यावर त्या वेळी पापड भाजला असता. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि पेन दाबून दाबून लिहिलं:

'या फरशीचे श्रेय मला नको. ती ज्याची आहे त्याच्या नावावर लावावी.'

दुसरं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून लिहिलं होतं. पण टोमण्याचा सूर कागदावर उमटत नाही, आणि मॅडम कागदच वाचायच्या. त्यांनी पत्राखाली आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, फुटपट्टीने एक रेघ ओढली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी दाखला हाती आला. शिक्का, सही, जावक क्रमांक एक्केचाळीस. व्याप्तीत सगळं होतं आणि शेवटी दोन शब्द होते: फरशीकाम वगळून. दर्जा: समाधानकारक. ओळंबेशेठ खूश. निदान त्यांच्या कागदावर आता त्यांच्याखेरीज कुणाचं कौतुक नव्हतं. त्यांचंही फारसं नव्हतं, पण ते चालेल.

घरी आले तर मेहुणी दारातच. डोळ्यांत पाणी.

"भावजी! तुमचे उपकार कसे फेडायचे हो? मॅडमनी ह्यांना बोलावून दाखला दिला. तुमचं पत्रही दाखवलं. या फरशीचं श्रेय मला नको! अहो, सख्खा भाऊ तरी लिहील का असं? हे तर रडायलाच लागले."

तिच्या हातात साडूचा दाखला होता. जावक क्रमांक बेचाळीस. व्याप्ती: दालन, जिना व वरचा मजला, जागेवर ओतीव मोझॅक फरशी. दर्जा: विशेष उल्लेखनीय.

जे पत्र द्यायचं नाही म्हणून ते जेवणावर 'बघू' म्हणाले होते, तेच पत्र ते स्वतः चालत जाऊन, रागाने, देऊन आले होते. आणि वर लोक त्यांना मोठ्या मनाचा म्हणत होते. पुढचे तीन दिवस नात्यातले जे भेटतील ते हात हातात घेत. "माणूस असावा तर असा!" प्रत्येक वेळी ओळंबेशेठच्या छातीत एक खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. खोटी स्तुती पचवणं सोपं नसतं, आणि ती साडूमुळे मिळालेली असेल तर अजिबातच नसतं.

खरा दणका चौथ्या दिवशी बसला. बायको शाळेच्या निविदेचे कागद लावत बसली होती. चष्म्यातून एकदा अटींकडे, एकदा दाखल्याकडे. मग तिने हाक मारली. ती इतकी हळू हाक मारते तेव्हा काहीतरी मोठं असतं, हे ओळंबेशेठना पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"पान अकरा वाचलंत?"

"पहिलं वाचलं. दुमजली पूर्ण इमारतीचा अनुभव. आहे की आपल्याकडे."

"पान अकरावर लिहिलंय, पूर्ण इमारत म्हणजे काय. ऐका. पाया ते फरशी व रंगकामासह सर्व कामे. यांपैकी कोणतेही काम वगळलेला दाखला ग्राह्य धरला जाणार नाही." तिने दाखल्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय आहे?"

ओळंबेशेठनी वाचलं. वाचायची गरज नव्हती.

"हे कुणी घालायला लावलं?" बायकोने विचारलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं. "अरे देवा. म्हणजे ते पत्र... आणि माझी बहीण तुमच्या नावाने दिवा लावायची बाकी आहे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्ही तर हात नुसता दाखवला नाहीत, सही करून दिलात."

ओळंबेशेठ तसेच उठले आणि मॅडमकडे गेले. निविदा भरायला पाच दिवस उरले होते. त्यांनी विनंती केली, मग आर्जव केलं, मग खिशातला ओळंबा काढून टेबलावर ठेवला, का ते त्यांनाही कळलं नाही.

"फरशी माझ्या दाखल्यात परत घाला, मॅडम. ते वाक्यसुद्धा घाला. विशेष उल्लेखनीय. मोठ्या अक्षरांत घाला."

"फरशी तुमच्या साडूंच्या दाखल्यावर गेली. तुमच्याच पत्रावरून. एक फरशी दोन दाखल्यांवर कशी दाखवू? उद्या कुणी तपासायला आलं तर माझ्याकडे फरशी एकच आहे."

"मग त्याचा दाखला परत घ्या."

मॅडमनी साडूच्या दाखल्याची प्रत पुढे सरकवली. "त्याच्या दाखल्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, दुखणं तेच होतं.

"तुमच्याही दाखल्यात खोटं नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही दाखले खरे आहेत. आता ओळंबा उचला, टेबलाची काच फुटेल."

घरी परत येईपर्यंत बायकोने पूर्ण निविदा दोनदा वाचली होती. पान चौदावर तिला एक अट सापडली. दोघांनी मिळून संयुक्त निविदा भरली तर दोघांचे दाखले एकत्र धरले जातील, मुख्य बांधकामाचा दाखला असेल तो प्रमुख भागीदार.

"तुमच्या इमारतीत फरशी नाही. त्याच्या फरशीला इमारत नाही," ती म्हणाली. "दोन्ही कागद एकत्र लावले की एक पूर्ण वाचनालय होतं. जा त्याच्याकडे."

"मी? त्याच्याकडे मागायला?"

"नाहीतर उद्यापासून कुंपणाच्या भिंती. ठरवा."

साडूने 'हो' म्हणायला पूर्ण वाक्यही ऐकून घेतलं नाही. "दादा, प्रमुख तुम्हीच. तुमचं नाव वर." एवढंच म्हणाला. ओळंबेशेठना वाटलं, याने जरा तरी आढेवेढे घ्यावेत, जरा तरी भाव खावा, म्हणजे आपल्याला रागवायला जागा होईल. पोरगा तेवढीही सोय करत नव्हता.

निविदेला केलेल्या कामाचे फोटो जोडायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे वाचनालयात गेले. दालनात चारदोन वाचक होते, चपला बाहेर. साडूने मोबाईल काढला. ओळंबेशेठ खांबाला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या पोटातलं ते पोतं आता फाटायलाच आलं होतं.

"ऐक," ते म्हणाले. "ते पत्र. मोठ्या मनाने वगैरे नव्हतं लिहिलं मी. जळत होतो. सगळे तुझ्या फरशीकडे बघत होते, मला सहन होत नव्हतं. तुझ्या नावावर लावा म्हटलं ते टोमणा मारायला. तुला दाखला मिळावा म्हणून नाही."

साडू मोबाईलमध्ये बघत होता. मान न उचलता म्हणाला, "माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"मॅडमनी मूळ पत्र हातात दिलं होतं बघायला. तुमचं पेन कागदातून आरपार गेलंय. 'श्रेय' शब्दाच्या तिथे भोक आहे." त्याने एक फोटो काढला. "प्रेमाने लिहिणारा माणूस भोक पाडत नाही."

"मग तुझी बायको रडली ती? तू रडलास ते?"

"ती खरंच रडली. तिला नाही सांगितलं. मी रडलो दाखला बघून." आता त्याने वर पाहिलं. "त्यात व्याप्ती लिहितात, तारखा लिहितात, दर्जा लिहितात. का दिला, हा रकाना नसतो, दादा. मला मिळाला, बास."

या पोराला घासणीचं मशीन धरायला आपण शिकवलं. हे असं बोलायला कुणी शिकवलं? त्यांना त्याचाही हेवा वाटला. अगदी मनापासून वाटला.

"फोटोत नुसती फरशी नको," ते म्हणाले. "स्लॅब पण येऊ दे. वर धर जरा."

"येतोय की."

"कुठे येतोय? तू खालीच धरलायस."

"दादा, खाली बघा ना."

ओळंबेशेठनी वाकून पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी या फरशीकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं. करड्या दगडात त्यांचा स्लॅब उलटा उतरला होता. तुळया सरळ, कडा धारदार, बावीसच्या बावीस खांब खाली खोल गेलेले, एकही तिरका नाही. उद्घाटनाला आलेली ती सगळी माणसं मान खाली घालून हेच बघत होती.

त्यांनी मान वर केली, खरा स्लॅब पाहिला. पुन्हा खाली पाहिलं. पुन्हा वर. मग खिशातून ओळंबा काढून दोरी सोडली. लट्टू फरशीला टेकायच्या जरा वर थांबला आणि खालून दुसरा लट्टू त्याला भेटायला वर आला. दोऱ्या एका रेषेत.

"काय झालं, दादा?"

"काही नाही," ओळंबेशेठ म्हणाले. खालचा स्लॅब वरच्यापेक्षा जास्त गुळगुळीत दिसत होता, आणि त्यांच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखायला लागलं होतं. "काढ फोटो. लवकर काढ."